खांदे एकीकडे, कंबर दुसरीकडे: मुलांची बॉलिंग ॲक्शन स्लो मोशनमध्ये कशी वाचावी

मे महिन्याच्या शेवटी डिचोलीजवळच्या एका गावातून एका वडिलांनी मला चौदा सेकंदांचा व्हिडिओ पाठवला. सोबत निरोप: "सर, पोराचा वेग कमी झालाय आणि बॉल सारखा लेगला जातोय. जरा बघाल?" मुलगा चौदा वर्षांचा, उजव्या हाताने वेगवान टाकणारा. व्हिडिओ साध्या वेगाचा होता, तिरक्या कोनातून हातात फोन धरून काढलेला. त्यात मला काहीच ठरवता आलं नाही. मी उलटा प्रश्न विचारला, "पाठ दुखते का?" उत्तर आलं, "रविवारी मॅच झाली की डावीकडे थोडी धरते, पण मंगळवारपर्यंत बरी होते."

या लेखात मी त्या मुलाच्या ॲक्शनचं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत मांडतो आहे. मी माझ्या चॅनलवर मुलांना बॉलिंग शिकवतो. आलेल्या व्हिडिओंत सर्वांत जास्त दिसणारी आणि डोळ्यांना सर्वांत कमी कळणारी चूक ही आहे. तिला आम्ही मिक्स्ड ॲक्शन म्हणतो. मुलाच्या आई-बाबांच्या संमतीनेच त्याची हकीकत इथे आली आहे, आणि त्याची ओळख पटेल असं काही मी लिहिणार नाही.

मिक्स्ड ॲक्शन म्हणजे नेमकं काय

बॉल टाकताना मागचा पाय क्रीझजवळ पडतो, त्या क्षणी शरीर दोनपैकी एका पद्धतीने उभं असतं. पाऊल क्रीझला समांतर असेल तर कंबर आणि खांदे दोन्ही आडवे वळलेले असावेत आणि डावा खांदा बॅट्समनकडे असावा. ही साईड-ऑन. पाऊल सरळ बॅट्समनच्या दिशेने असेल तर छातीही बॅट्समनकडे असावी. ही फ्रंट-ऑन. या दोहोंच्या मधली, अर्धी उघडी ॲक्शनही चालते. कोणती ॲक्शन चांगली यावर मैदानावर खूप वाद होतात. माझ्या मते तो वाद मुलांच्या कामाचा नाही. प्रश्न एवढाच की कंबर जिकडे आहे तिकडेच खांदे आहेत का.

मिक्स्डमध्ये पाय आणि कंबर फ्रंट-ऑन असतात, पण खांदे साईड-ऑनकडे मागे फिरवले जातात. मागचा पाय पडल्यापासून पुढचा पाय पडेपर्यंतच्या अवघ्या वेळात धड आधी उलटं पिळलं जातं आणि लगेच जोराने सुलटं येतं. त्याच क्षणी पुढचा पाय जमिनीवर आदळतो आणि मुलगा डावीकडे वाकलेला असतो. पीळ, वाक आणि धक्का हे तिन्ही कमरेच्या शेवटच्या दोन-तीन मणक्यांवर एकत्र येतात. त्या मणक्यांच्या मागच्या बाजूला हाडाचा एक अरुंद पूल असतो. उजव्या हाताने टाकणाऱ्याचा बहुतेक वेळा डावीकडचा पूल थकतो आणि त्याला बारीक तडा जातो. वाढत्या वयात ते हाड अजून पूर्ण पक्कं झालेलं नसतं, म्हणून हा तडा चौदा ते अठराच्या मुलांत जास्त सापडतो.

डेनिस लिलीला १९७३ मध्ये वेस्ट इंडिजच्या दौऱ्यात पाठीच्या अशाच तड्यांनी बाहेर बसवलं. तो परतला तो ॲक्शनवर नव्याने काम करून. जसप्रीत बुमराहलाही २०१९ मध्ये पाठीच्या स्ट्रेस फ्रॅक्चरने थांबवलं होतं. ही मोठी, तयार शरीरं होती, आणि त्यांच्यामागे डॉक्टर आणि फिजिओ उभे होते. डिचोलीच्या मुलामागे त्याचे बाबा आणि एक फोन होता.

आधी पाठ, मग कॅमेरा

वेगवान टाकणारं मूल पाठ दुखते म्हणालं, तर त्या दिवशी शूटिंग नाही आणि ड्रिलही नाही. मी मुलाला डाव्या पायावर उभं राहून हळूच मागे वाकायला सांगितलं, वडिलांना आधाराला शेजारी उभं करून. कमरेच्या डाव्या बाजूला, बोटाने दाखवता येईल अशा एका ठिकाणी दुखलं. उजव्या पायावर दुखलं नाही. ही चाचणी निदान करत नाही, पण एवढं कळलं तरी डॉक्टरांकडे जायला पुरेसं आहे. मी त्यांना हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. एक गोष्ट आवर्जून सांगितली: साधा एक्स-रे स्वच्छ आला तर तिथे थांबू नका, मुलगा वेगवान टाकतो हे डॉक्टरांना सांगा. सुरुवातीची इजा एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते.

एमआरआयमध्ये हाडाला सूज निघाली, तडा अजून गेला नव्हता. डॉक्टरांनी बॉलिंग पूर्ण बंद केली. जून आणि जुलै गेले. ऑगस्टच्या मध्यावर, पाठीत काहीच दुखत नाही हे पुन्हा तपासून, डॉक्टरांनी हलकं काम सुरू करायला परवानगी दिली. पुढचं सगळं त्यानंतरचं आहे.

दुखण्याबद्दल मुलं खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. संघातून नाव जाईल या भीतीने ती कमी सांगतात. म्हणून मी "दुखतं का?" असं विचारत नाही. "मॅचनंतर किती दिवस जाणवतं?" असं विचारतो. आकडा आला की समजायचं.

शूटिंग: फोन कुठे ठेवायचा

चौदा वर्षांच्या मुलाचा बॉल साधारण ताशी ९० किलोमीटरने जातो असं धरा. म्हणजे सेकंदाला २५ मीटर. साधा व्हिडिओ सेकंदाला ३० चित्रं घेतो, म्हणून दोन चित्रांच्या मध्ये बॉल आणि त्याला सोडणारा हात ८३ सेंटिमीटर पुढे गेलेले असतात. आपल्याला हवा तो क्षण त्या फटीत हरवतो. सेकंदाला २४० चित्रं घेतली तर हे अंतर १० सेंटिमीटरवर येतं. आजकालच्या बऱ्याच मध्यम किमतीच्या फोनमध्ये २४० मिळतं. १२० वरही काम भागतं.

मात्र ९६० चा आकडा दाखवणाऱ्या काही फोनपासून जपा. त्यातले बरेच फोन कमी चित्रं घेतात आणि मधली स्वतः रचून भरतात. रचलेल्या चित्रात कोपर वाकलेला दिसू शकतो, जो प्रत्यक्षात वाकलेला नसतो. पुढे जाणाऱ्या बॉलभोवती पाण्यासारखी थरथर दिसली तर तो व्हिडिओ तपासणीत वापरू नका.

उजेड दिवसाचाच घ्या. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतात. डोळ्याला ते जाणवत नाही, पण स्लो मोशनमध्ये चित्र सारखं उजळतं आणि काळवंडतं. ऑगस्टमध्ये पाऊस होता, म्हणून आम्ही शाळेच्या सभागृहात काम केलं. तिथे दिवे बंद केले आणि मुलाला उघड्या दारांच्या बाजूला घेतलं. फोनमध्ये शटर हाताने लावता येत असेल तर १/१००० किंवा त्याहून जलद ठेवा, नाहीतर हात धुरकट येतो.

आता कोन. मी दोनच वापरतो.

पहिला बाजूने. उजव्या हाताने टाकणाऱ्याच्या उजव्या हाताला, पॉपिंग क्रीझच्या सरळ रेषेत, दहा मीटर दूर, ट्रायपॉडवर, मुलाच्या कमरेच्या उंचीवर. जवळ जाऊन वाकडं शूट करण्यापेक्षा लांब राहून थोडं झूम करा. जवळून काढलेल्या व्हिडिओत कडेचं शरीर वाकडं दिसतं. यात मागचं पाऊल कसं पडलं आणि पुढचा गुडघा किती वाकला हे कळतं.

दुसरा मागून, रन-अपच्या रेषेत, मुलगा धावायला सुरुवात करतो त्याच्याही मागे. खांदे आणि कंबर यातूनच कळतात, म्हणून हा कोन महत्त्वाचा. समोरून शूट करायचं असेल तर फोन नेटच्या पलीकडेच ठेवा. माणूस तर नेटच्या आत अजिबात नको.

एक छोटी युक्ती आहे आणि ती फोनपेक्षा जास्त कामाची ठरते. मुलाला काळा किंवा गडद टी-शर्ट घालायला सांगा, तो पँटमध्ये खोचा. पाठीवर दोन्ही खांद्यांच्या टोकांमध्ये पांढऱ्या चिकटपट्टीची एक आडवी रेष काढा. तशीच एक रेष कमरपट्ट्याच्या उंचीवर पँटवर. बस. आता दोन पांढऱ्या रेषा पाहायच्या, कपड्यांच्या सुरकुत्या नाही.

बारा बॉल टाकायला सांगा. पहिले सहा टाकून द्या, कॅमेरा आहे म्हणून मुलगा ते सांभाळून टाकतो. पुढच्या सहांतले तीन निवडा. एकाच बॉलवर कधीही निष्कर्ष काढू नका.

तीन चित्रं थांबवून वाचणे

कॉम्प्युटरवर Kinovea नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात चित्रावर रेषा काढता येतात. ते नको असेल तर कुठल्याही प्लेअरमध्ये एकेक चित्र पुढे सरकवून स्क्रीनवर पट्टी धरली तरी चालतं. यूट्यूबवर कॉम्प्युटरमधून पाहत असाल तर व्हिडिओ थांबवून `.` दाबलं की एक चित्र पुढे आणि `,` दाबलं की एक चित्र मागे जातं.

पहिलं चित्र: मागचा पाय जमिनीला पूर्ण टेकला तेव्हाचं. दुसरं: पुढचा पाय टेकण्याच्या आधीचं, जिथे खांद्याची पट्टी सर्वांत आखूड दिसते ते. तिसरं: बॉल हातातून सुटला तेव्हाचं.

डिचोलीच्या मुलाच्या मागून काढलेल्या व्हिडिओत पहिल्या चित्रात खांद्याची पट्टी माझ्या स्क्रीनवर ६२ मिलिमीटर भरली आणि कमरेची ४४. दोन्ही लांब दिसत होत्या. त्याचा अर्थ छाती आणि कंबर दोन्ही बॅट्समनकडे, म्हणजे फ्रंट-ऑन. बाजूच्या व्हिडिओत मागचं पाऊलही सरळ बॅट्समनकडे होतं. इथपर्यंत सगळं जुळत होतं.

दुसऱ्या चित्रात कमरेची पट्टी ४२ झाली आणि खांद्याची ४१.

हे आकडे नीट समजून घ्या, कारण बहुतेक जण इथेच घसरतात. मुलगा कॅमेऱ्यापासून दूर जातो आहे, त्यामुळे दोन्ही पट्ट्या थोड्या आखूड होणारच. कमर ४४ वरून ४२ झाली, म्हणजे साधारण पाच टक्के. ती अंतरामुळेच, कमर फिरलेलीच नाही. त्याच हिशोबाने खांद्याची पट्टी ५९ च्या आसपास राहायला हवी होती. ती ४१ झाली, म्हणजे खांदे कमरेला सोडून बरेच मागे फिरले. तिसऱ्या चित्रात डोकं पुढच्या पायाच्या खूप डावीकडे पडलेलं होतं. बॉल लेगला का जात होता तेही तिथेच कळलं. पिळलेलं धड सुटताना त्याला डावीकडे ढकलत होतं आणि हात सरळ येण्याऐवजी शरीराला वळसा घालून येत होता.

यावरून पिळाचे अंश काढायचा मोह होतो. काढू नका. एका फोनच्या सपाट चित्रातून खरा कोन मिळत नाही. पाच-दहा मिलिमीटरचा फरक पट्टी चिकटवण्यातही येतो. हे माप फक्त त्याच मुलाच्या आधीच्या मापाशी, त्याच जागी ठेवलेल्या फोनने काढलेल्या व्हिडिओशी ताडून पाहायचं. दोन मुलांची तुलना यातून होत नाही. कोपराबद्दलही तेच. आयसीसीची पंधरा अंशांची मर्यादा प्रयोगशाळेत अनेक कॅमेऱ्यांनी मोजली जाते. फोनवरच्या व्हिडिओवरून चौदा वर्षांच्या मुलाला "तू फेकतोस" म्हणणं हा अन्याय आहे. माझ्या चॅनलवर मी ते कधीच करत नाही.

आता कारण. मी मुलाला विचारलं, "टाकताना कुठे बघतोस रे?" तो म्हणाला, "सर, डाव्या खांद्यावरून. लहानपणी तसंच शिकवलंय." तिथे गाठ सुटली. डाव्या हाताच्या मागून बघ, ही सूचना साईड-ऑन बॉलरसाठी बरोबर आहे. या मुलाचे पाय मुळात फ्रंट-ऑन पडतात. पाय एका शिकवणीचे आणि खांदे दुसऱ्या.

खांदे कमरेकडे आणायचे, कंबर खांद्यांकडे नाही

दुरुस्तीचे दोन रस्ते आहेत: पाय साईड-ऑन करायचे, किंवा खांदे फ्रंट-ऑन ठेवायचे. पहिला ऐकायला सोपा वाटतो. पण मुलाचा पाय कसा पडतो हे त्याच्या धावण्यातून येतं. तो बदलायला गेलो तर रन-अपच मोडतो, आणि मॅचच्या दडपणात पाय जुन्या सवयीवर येतो, खांदे नव्या. पुन्हा मिक्स्ड. म्हणून मी पाय आहेत तसे ठेवतो आणि खांद्यांना त्यांच्याशी जुळवतो. सूचना एकच दिली: "डावा हात उंच, सरळ बॅट्समनकडे. आणि बघायचं हाताच्या आतून, उजव्या बाजूने."

सहा आठवडे, आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान दोन दिवसांची विश्रांती. चेंडूंची संख्या ही या ड्रिलची खरी मर्यादा आहे. मुलगा जोमात असला तरी ती ओलांडायची नाही.

पहिले दोन आठवडे रन-अप नाहीच. मागचा पाय बॅट्समनकडे रोखून, पुढचा पाय हवेत उचलून उभं राहायचं. डावा हात वर, नजर त्याच्या आतून. दोन मोजायचं, मग पुढचा पाय टेकवून टेनिस बॉल टाकायचा. निम्म्याच जोराने. चोवीस बॉल. जमिनीवर मी खडूने दोन समांतर रेषा आखतो, मध्ये एक फूट जागा. मागचं आणि पुढचं पाऊल दोन्ही त्या पट्ट्यात पडायला हवीत. पुढचं पाऊल डावीकडे बाहेर पडलं तर खांदे पुन्हा फिरले असं समजा. ही खूण मुलाला स्वतःला दिसते, कोच शेजारी नसतानाही.

तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात चार पावलं चालत येऊन टाकणे. इथे बॉल हलका घेतला. तेरा वर्षांखालच्या मुलांचा सीझन बॉल साधारण १३३ ते १४४ ग्रॅमचा असतो, मोठ्यांचा १५६ ते १६३. सवय बदलताना हलका बॉल बरा, जड बॉलला हात जुन्याच वाटेने ताकद शोधतो. तीस बॉल. इथे एक गोष्ट हमखास बिघडते. मुलगा खांदे न फिरवण्याच्या नादात डावा हात लवकर खाली टाकतो आणि बॉल वर, फुलटॉस जातो. तेव्हा आणखी सूचना देऊ नका. उलट एक आठवडा मागे जा, उभ्याने टाकायला लावा. आमचा तो आठवडा दोनदा झाला. सहाचे सात आठवडे झाले.

शेवटच्या दोन आठवड्यांत निम्मा रन-अप आणि त्याच्या नेहमीच्या वजनाचा बॉल, पाऊणच जोराने, छत्तीस बॉल. पूर्ण रन-अप आणि पूर्ण जोर या काळात एकदाही नाही.

थांबण्याची खूण प्रत्येक ड्रिलला एकच ठेवली. कमरेत एका बाजूला दुखलं की त्या दिवसाचं काम संपलं. ते दुसऱ्या दिवशीही राहिलं तर डॉक्टर. स्नायू दोन्ही बाजूंना सारखे जड वाटणं वेगळं, एका बोटाने दाखवता येणारं दुखणं वेगळं.

आपल्या जमिनीबद्दलही सांगायला हवं. गोव्यात कित्येक नेट सिमेंटच्या पट्टीवर मॅटिंग टाकून केलेली आहेत, आणि मोकळी मैदानं जांभ्याची, उन्हाळ्यात दगडासारखी. पुढचा पाय टेकतो तेव्हा मोठ्या वेगवान बॉलरच्या पायावर त्याच्या वजनाच्या पाचपट आणि त्याहून जास्त जोर येतो. मुलाचा आकडा कमी असेल, पण सिमेंट काहीच शोषत नाही. म्हणून पाय पडतो त्या जागी मी मॅटिंगखाली आणखी एक जाड मॅट घालतो, कडा नीट दाबून, म्हणजे पाय अडकणार नाही. शक्य असेल तिथे मातीच्या विकेटवर. सभागृहाची गुळगुळीत फरशी तर पावसाळ्यात दमट असते. तिथे पाय घसरला तर सगळं ड्रिल उलटं शिकवून जातं. आधी पुसून घ्या.

चवथीनंतरची उडी

ॲक्शन सुधारली म्हणून काम झालं असं नाही. या मुलाची इजा फक्त पिळामुळे आली नव्हती. मी एप्रिलची वही मागितली, वही नव्हती, म्हणून वडिलांबरोबर बसून आठवून लिहिलं. एका आठवड्यात शाळेच्या संघासाठी दोन दिवस, गावच्या संघासाठी रविवारी एक मॅच, आणि शनिवारी रात्री दिव्यांच्या उजेडात टेनिस बॉलची स्पर्धा. टेनिस बॉलची षटकं कुणीच मोजली नव्हती. "ती तर हलकीच असतात ना सर?" बाबा म्हणाले. बॉल हलका असतो, पण धावणं, उडी आणि पुढच्या पायाचा धक्का तोच. म्हणून ती मोजायचीच.

इंग्लंडच्या बोर्डाने मुलांसाठी आखलेल्या मर्यादा मी आधाराला घेतो. चौदा-पंधरा वर्षांखालच्या वेगवान बॉलरने एका स्पेलमध्ये जास्तीत जास्त सहा षटकं आणि दिवसात बारा. तेरा वर्षांपर्यंत पाच आणि दहा. सात दिवसांत चारपेक्षा जास्त दिवस टाकायचं नाही आणि सलग दोनपेक्षा जास्त दिवस नाही. एप्रिलमधल्या त्या आठवड्यात हा मुलगा शुक्रवार, शनिवार, रविवार सलग टाकत होता.

गोव्यात आणखी एक विशेष धोका आहे. जून ते सप्टेंबर मैदानं पाण्याखाली, मुलं घरात. चवथ होते, पाऊस ओसरतो, आणि ऑक्टोबरात सगळे संघ एकदम जागे होतात. चार महिने शून्य बॉल टाकलेला मुलगा एका आठवड्यात दीडशे बॉल टाकतो. हाड इतक्या लवकर तयार होत नाही. म्हणून पावसातही आठवड्याला दोन दिवस हलकं काम चालू ठेवावं आणि ऑक्टोबरात दर आठवड्याला थोडीच भर घालावी. आम्ही वहीत रोजचे बॉल लिहितो: नेट, मॅच, टेनिस, सगळे एकाच रकान्यात. ही वही मुलाने स्वतः लिहायची. माझ्याकडच्या मुलांपैकी जी मुलं ती लिहितात, ती दुखणं लपवत नाहीत, कारण त्यांना आकडा दिसतो.

हेच चॅनलवर कसं दाखवतो

चॅनलवरचा व्हिडिओ पाहणारं मूल बहुधा एकटं असतं. शेजारी कोच नसतो, आणि जे शेवटी दिसतं तेच ते मैदानावर जाऊन करतं. म्हणून चुकीची ॲक्शन मी सुरुवातीला एकदाच दाखवतो आणि शेवट नेहमी बरोबर बॉलने, पूर्ण वेगात करतो. पूर्वी मी उलट क्रम ठेवत असे, "बघा, ही चूक" म्हणून शेवटी. दोन मुलांनी मला तीच चूक करून पाठवली, तेव्हा बदलला.

क्रम असा: पूर्ण वेगाने एकदा, मग हळू, मग तीन थांबलेली चित्रं दोन रंगांच्या रेषांसह, खांद्याला लाल आणि कमरेला पिवळी. त्यानंतर ड्रिल, आणि ड्रिल चालू असेपर्यंत कोपऱ्यात बॉलची कमाल संख्या आणि वय. ते काढायचं नाही. यूट्यूब सेकंदाला ६० चित्रांपर्यंतच दाखवतं, त्यामुळे २४० चा व्हिडिओ तसाच चढवला तर मेहनत वाया जाते. एडिटिंगमध्येच आठपट हळू करून, ३० च्या व्हिडिओत बदलून चढवा. मित्रांकडून किंवा पालकांकडून मूळ व्हिडिओ मागवताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. साधा पाठवला की तो दाबला जातो आणि तपशील जातो.

मुलाचा चेहरा मी झाकतो. शाळेचं नाव असलेला शर्ट, मैदानाचं ठिकाण, आजाराचा तपशील हे काही दाखवत नाही. लेखी संमती आई-बाबांची घेतो, पण मुलालाही विचारतो, आणि तो नको म्हणाला तर नको. फक्त त्या मुलासाठी केलेला तपासणीचा व्हिडिओ Unlisted ठेवतो, म्हणजे दुव्याशिवाय कुणाला सापडत नाही. मुलं दिसणाऱ्या व्हिडिओंवर मी कमेंट बंद ठेवतो.

ऑक्टोबरचं माप

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही त्याच जागी फोन लावला, त्याच दोन पट्ट्या चिकटवल्या. पहिल्या चित्रात खांद्याची पट्टी ६२, कमरेची ४४. दुसऱ्यात कमर ४२, खांदे ५४. पूर्ण ५९ नाही, पण ४१ वरून ५४. डोकं आता पुढच्या पायाच्या बरंच जवळ होतं. मी पाऊण वेगाने टाकायला लावलेले सहाही बॉल ऑफ स्टंपच्या आसपास पडले. वेग अजून एप्रिलपेक्षा थोडा कमीच आहे, हे मी त्याच्या वडिलांना स्पष्ट सांगितलं. पीळ काढून टाकला की सुरुवातीला थोडा वेग जातोच, कारण मुलाला त्याच पिळाची ताकद वापरायची सवय असते.

पहिल्या मॅचला त्याला दोन स्पेल दिले, प्रत्येकी तीन षटकं, मध्ये तासाभराचं अंतर. तीन षटकांनंतर त्याने आणखी एक मागितलं. कर्णधारालाही द्यायचं होतं. वहीत त्या आठवड्याचे आधीच छत्तीस बॉल लिहिलेले होते, त्यामुळे नाही म्हणालो. पुढचा तपासणीचा व्हिडिओ नोव्हेंबरच्या शेवटी आहे, त्याच सभागृहाबाहेरच्या नेटवर, सकाळी आठला, ऊन पाठीमागून यायच्या आत.